आयलंड रिव्हर्सल आणि एक्झॉशन गॅप शोधणारा स्कॅनर: प्रकल्प नोंदी

४ मार्च

आजपासून काम सुरू. डेली डेटा घ्यायचा, त्यात जोरदार ट्रेंड शोधायचा, त्या ट्रेंडच्या शेवटाला पडलेला गॅप पकडायचा आणि पुढे त्या गॅपचं काय झालं ते लिहून ठेवायचं, एवढाच स्कोप आहे. बाकीचे पॅटर्न, हेड अँड शोल्डर्स वगैरे, यात आणायचे नाहीत, नाहीतर हे कधीच संपणार नाही.

गॅप म्हणजे नक्की काय हे पहिल्याच दिवशी फिक्स केलं. बरेच जण कालचा क्लोज आणि आजचा ओपन यातल्या फरकाला गॅप म्हणतात, पण तो फरक दिवसभरात बऱ्याचदा भरून निघतो आणि चार्टवर मोकळी जागा राहतच नाही. आपल्याला पूर्ण गॅप हवाय, म्हणजे वर जाणाऱ्या गॅपमध्ये आजचा लो हा कालच्या हायच्या वर असला पाहिजे, दिवसभर किंमत एकदाही कालच्या रेंजमध्ये परत आली नाही असा. ही व्याख्या कडक आहे आणि त्यामुळे केसेस कमी मिळतात, पण आयलंडचा, म्हणजे दोन गॅपमध्ये एकट्या पडलेल्या बारचा, सगळा अर्थच त्या मोकळ्या जागेत असल्यामुळे इथे सैल सोडून चालणार नाही.

रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांनी १९४८ साली गॅपची जी विभागणी मांडली तीच लोक अजून वापरतात. कॉमन गॅप साइडवेज मार्केटमध्ये असाच कुठेही पडतो, ब्रेकअवे रेंज फोडताना पडतो, रनअवे ट्रेंडच्या मध्यावर पडतो आणि एक्झॉशन ट्रेंडच्या शेवटी. कागदावर हे एकदम स्वच्छ दिसतं. अडचण ही की रनअवे आणि एक्झॉशन हे दोन्ही पडतात त्या दिवशी बऱ्याचदा हुबेहूब सारखे दिसतात, ट्रेंडच्याच दिशेने, मोठ्या कँडलसोबत, चांगल्या व्हॉल्यूमवर. "शेवट" कुठे आहे हे शेवट झाल्याशिवाय कसं कळणार? मला वाटतं या सगळ्या प्रकल्पाचं खरं काम इथेच आहे.

५ मार्च

कालचाच धागा पुढे. जोरदार वर गेलेल्या ट्रेंडमध्ये वरच्या बाजूला गॅप पडला की तिथून तीन शेवट होऊ शकतात. एक, गॅप तसाच उघडा राहतो आणि किंमत वर जात राहते, तेव्हा तो रनअवे होता. दोन, काही सेशनमध्ये किंमत हळूहळू घसरत गॅपमध्ये शिरते आणि तो पूर्ण भरून कालच्या हायच्या खाली क्लोज देते, तेव्हा तो एक्झॉशन होता. तीन, किंमत गॅपच्या वर थोडे दिवस रेंगाळते आणि मग एका सकाळी उलट्या दिशेचा गॅप पडून सरळ खाली उघडते, मधले बार वर तसेच एकटे राहतात, ते आयलंड. म्हणजे आयलंड ही एक्झॉशन गॅपचीच दुर्मिळ आणि जास्त कडक आवृत्ती आहे, कारण किंमत गॅप भरत खाली येण्याऐवजी दुसऱ्यांदा उडी मारते.

यावरून डिझाइनचा निर्णय झाला. स्कॅनर गॅपच्या दिवशी कुठलंही लेबल लावणार नाही, फक्त "उघडा" म्हणून नोंद करेल, आणि जेव्हा पुढचे बार येऊन निकाल लागेल तेव्हा लेबल आणि त्यासोबत निकाल लागल्याची तारीख लिहील. दोन वेगळ्या तारखा, gap_date आणि known_date. ही दुसरी तारीख नसेल तर नंतरची टेस्टिंग सगळी खोटी ठरेल, त्याबद्दल पुढे लिहीन.

हे का होतं याबद्दलही थोडं, कारण नुसता आकार शोधून उपयोग नाही. लांब तेजीच्या शेवटी गॅप वर उघडतो तेव्हा खरेदी कोण करत असतं? एक तर आत्तापर्यंत बाहेर थांबलेले, ज्यांना आता थांबवत नाही, आणि दुसरे शॉर्ट करून अडकलेले, ज्यांचं मार्जिन संपत आलंय आणि जे कुठल्याही भावाला कव्हर करतायत. दोघांचीही खरेदी एकदाच होते, उद्या परत येऊन तेच लोक तेवढ्याच घाईने घेणार नाहीत. म्हणून व्हॉल्यूम त्या दिवशी फुगतो आणि दुसऱ्या तिसऱ्या दिवशी किंमत पुढे सरकत नाही. आणि मग खाली गॅप पडला की आयलंडवर खरेदी केलेला प्रत्येक माणूस एकाच वेळी तोट्यात जातो, मधल्या किमतींना बाहेर पडायची त्याला संधीच मिळालेली नसते. हे लोक किंमत थोडी वर आली की विकायला बसलेले असतात, म्हणून तो गॅपचा पट्टा नंतर रेझिस्टन्ससारखा वागतो.

९ मार्च

आयलंड शोधायचं फंक्शन लिहिलं. टॉपसाठी हे:

```python
def island_top(h, l, i, max_len=10):
    if l[i] <= h[i-1]:
        return None
    low = l[i]
    for j in range(i, min(i + max_len, len(h) - 1)):
        low = min(low, l[j])
        if low <= h[i-1]:
            return None
        if h[j+1] < low:
            return j + 1
    return None
```

`i` हा वरच्या गॅपनंतरचा पहिला बार आणि रिटर्न होतो तो खालच्या गॅपचा बार. यात एक गोष्ट मुद्दाम केलीये ती सांगून ठेवतो. दुसरा गॅप तपासताना फक्त आदल्या दिवसाच्या लोशी तुलना केली तर चुकीचे आयलंड मिळतात, कारण आयलंडवर तीन दिवसांपूर्वीचा एखादा लो त्याहून खाली गेलेला असू शकतो आणि मग नवा बार त्या जुन्या बारच्या रेंजमध्येच असतो, म्हणजे मोकळी जागा नाहीच. म्हणून `low` मध्ये आयलंडवरचा सगळ्यात खालचा लो धरून ठेवलाय आणि नवीन बारचा हाय त्याच्याही खाली असला तरच होकार. एका वाक्यात सांगायचं तर आयलंडचा सगळ्यात खालचा लो हा आधीच्या बारच्या हायच्याही वर पाहिजे आणि नंतरच्या बारच्या हायच्याही वर पाहिजे, चार्टवर आडवी पट्टी ठेवली तर ती दोन्ही गॅपमधून कुठेही न अडता जायला हवी.

दोन्ही गॅप अगदी एकाच किमतीला असायची गरज नाही, त्यांचा थोडा तरी भाग सामाईक असला की झालं. काही ठिकाणी लोक गॅप तंतोतंत जुळले पाहिजेत म्हणतात, तसं धरलं तर खऱ्या डेटात जवळजवळ काहीच उरत नाही.

बॉटमसाठी वेगळं फंक्शन लिहीत नाही, किमतींचं चिन्ह उलटं करून तेच वापरायचं, हायच्या जागी लो आणि लोच्या जागी हाय:

```python
island_top([-x for x in l], [-x for x in h], i)
```

`max_len` १० ठेवलंय. एका दिवसाचंही आयलंड असतं आणि काही आठवडे चालणारंही असतं, पण माझा विषय जोरदार ट्रेंड दमून संपण्याचा आहे, आणि किंमत वर महिनाभर निवांत बसली असेल तर ती मग दमणूक राहत नाही, तिथे नवी रेंज तयार झालेली असते. तो वेगळा प्राणी आहे.

१२ मार्च

फिल्टर. नुसत्या आकारावर चालवलं तर साइडवेज मार्केटमध्येही छोटे छोटे आयलंड भरपूर सापडतात आणि त्यांना काही अर्थ नसतो, कारण उलटवायला आधी काहीतरी चाललेलं असायला हवं ना. तर "जोरदार ट्रेंड" आकड्यात कसा पकडायचा?

टक्केवारी वापरली नाही. शांत शेअरमध्ये २० सेशनमध्ये १०% म्हणजे तुफान आणि उड्या मारणाऱ्या शेअरमध्ये तेवढं तर रोजचंच. म्हणून वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये आणलेला एटीआर घेतला, म्हणजे रोजच्या खऱ्या रेंजची सरासरी, इथे २० सेशनची, जिच्यात आदल्या क्लोजपासूनची उडीही धरली जाते. अट अशी की गॅपच्या आदल्या क्लोजपर्यंत मागच्या २० सेशनमध्ये किंमत निदान ६ एटीआर इतकी सरकलेली असावी. किंमत नुसती रँडम भटकत असती तर २० दिवसांत ती साधारण रोजच्या हालचालीच्या चार-साडेचार पट भटकली असती, आणि एटीआर हा रोजच्या स्टँडर्ड डेव्हिएशनपेक्षा बराच मोठा असतो, त्यामुळे ६ एटीआर म्हणजे ढोबळमानाने दोन सिग्माच्या बाहेरची चाल होते. कडक आहे पण अति नाही.

गॅपच्या साइजलाही खालची मर्यादा, पाव एटीआर. एका टिकचा गॅप तांत्रिकदृष्ट्या गॅप असतो पण त्यात कोणी अडकत नाही.

आणि एटीआर मोजायचा तो गॅपच्या आदल्या दिवसापर्यंतचाच. गॅपचा दिवस आत घेतला की त्या दिवसाची फुगलेली रेंज सरासरीत येते आणि आपण ज्या पट्टीने मोजतोय ती पट्टीच लांब होते. व्हॉल्यूमचंही तसंच, आदल्या २० सेशनचा मीडियन घ्यायचा, सरासरी नाही, कारण एखादा वेडा दिवस सरासरी बिघडवतो.

१६ मार्च

खऱ्या डेटाआधी हाताने बनवलेल्या सिरीजवर पूर्ण फिरवून बघितलं. सगळे आकडे माझे, टेस्टसाठी रचलेले, कुठल्याही शेअरचे नाहीत. पण गोष्ट नीट कळावी म्हणून सविस्तर लिहितो.

बेस १०० ला. १०२ ते १०५ मध्ये ब्रेकअवे गॅप. पुढे १२८ ते १३१ मध्ये दुसरा गॅप आणि त्यानंतर किंमत वरच जात राहिली, म्हणजे तो रनअवे. रनअवेला मेजरिंग गॅपही म्हणतात कारण तो साधारण मध्यावर पडतो असं जुने चार्टवाले धरतात, तर बेसपासून त्याच्या मध्यापर्यंत २९.५ पॉइंट, तेवढेच पुढे जोडले की अंदाजे १५९ येतं. हा नियम पक्का मुळीच नाही, पण एक उपयोग होतो, किंमत त्या अंदाजाच्या जवळ पोचलेली असताना आणखी एक गॅप पडला तर संशय घ्यायला जागा आहे. शेवटचा टप्पा १४४ पासून निघाला, तिथे छोटा थांबा होता.

आदल्या दिवशीचा हाय १५६, क्लोज १५५, एटीआर ४. वीस सेशनपूर्वीचा क्लोज १२७, म्हणजे २८ पॉइंट, ७ एटीआर, अट पास.

पहिला दिवस: ओपन १६०, हाय १६८, लो १५९, क्लोज १६२, व्हॉल्यूम मीडियनच्या ३.२ पट. गॅप १५६ ते १५९, पाऊण एटीआर. क्लोज बघा, दिवसाच्या नऊ पॉइंटच्या रेंजमध्ये लोपासून फक्त तीनवर. म्हणजे एवढा प्रचंड व्हॉल्यूम झाला आणि तरी वरच्या भावांना कोणीतरी माल देत राहिलं.

दुसरा दिवस: हाय १६७, लो १६०.५, क्लोज १६१, व्हॉल्यूम १.९ पट. तिसरा दिवस: हाय १६४, लो १६०, क्लोज १६०.५, व्हॉल्यूम जवळजवळ नेहमीचा. पहिल्या दिवसानंतर नवा हाय नाही, खरेदी आटत चाललीये, पण गॅप अजून शाबूत आहे. इथे थांबून विचार केला तर हा रनअवेनंतरचा निवांत थांबाही असू शकतो, अगदी तसाच दिसतो, आणि स्कॅनर बरोबर "उघडा" असंच दाखवतोय.

चौथा दिवस: ओपन १५५, हाय १५७, लो १५१, क्लोज १५२, व्हॉल्यूम २.४ पट. आयलंडचा सगळ्यात खालचा लो १५९, आधीचा हाय १५६, नंतरचा हाय १५७, दोन्हींपेक्षा १५९ मोठा. सामाईक मोकळी पट्टी १५७ ते १५९, दोन पॉइंट, अर्धा एटीआर. आयलंड पक्कं.

एटीआरची मोजपट्टी लांब होण्याचा मुद्दा इथे लगेच दिसतो, चौथ्या दिवसापर्यंतचा एटीआर काढला तर तो ४ चा ४.८५ होतो आणि हीच मोकळी पट्टी अर्ध्याऐवजी ०.४१ एटीआर दिसते. ट्रेंडच्या अटीतही असाच फरक पडतो.

मग याच सिरीजमध्ये एक एक आकडा बदलून बघितला. दुसऱ्या दिवसाचा लो १५५.५ केला तर गॅप भरला, आयलंड रद्द, आणि क्लोजही १५६ च्या खाली आला तर लेबल एक्झॉशन. तिसऱ्या दिवसाचा लो १५८ केला तर आयलंड टिकतं पण पट्टी एकच पॉइंट उरते, म्हणजे पाव एटीआर, अगदी काठावर. आणि चौथ्या दिवसाचा हाय १५९.५ केला तर तेही रद्द, जरी सकाळी ओपन १५५ ला म्हणजे मस्त गॅप डाऊनच होता तरी.

१७ मार्च

कालच्या शेवटच्या बदलावर रात्री मित्राशी बोलणं झालं, तो डेटा आणि टेस्टिंगचा भाग बघतो. तो म्हणाला, "अरे पण चौथ्या दिवशी सकाळी १५५ ला शॉर्ट करता आलं असतं ना, तू पाचव्या दिवसापर्यंत का थांबवतोयस?" मी म्हटलं सकाळी तुला दिवसाचा हाय माहीत आहे का? नाहीच. ओपन १५५ झालाय, दुपारी किंमत १५९.५ ला जाऊन आली तर आयलंड कधी नव्हतंच. ज्या दिवशी गॅप डाऊन उघडून दिवसभरात भरला गेला ते सगळे दिवस आपल्या यादीत येणारच नाहीत, कारण यादी दिवस संपल्यावर बनते. म्हणजे १५५ ला एंट्री धरली की आपण फक्त यशस्वी सकाळी निवडून घेतो. यालाच भविष्यात डोकावणं म्हणतात आणि आयलंडच्या टेस्टमध्ये ते फार सहज घुसतं.

म्हणून known_date हा चौथा दिवस, आणि एंट्री लवकरात लवकर पाचव्या दिवसाच्या ओपनला, आपल्या सिरीजमध्ये १५३. आता हिशोब बघा. टॉप १६८ वरून १५३ पर्यंत १५ पॉइंट, म्हणजे पावणेचार एटीआर, आपल्याला कळेपर्यंत निघून गेले. चार्टवर मागे वळून बघताना आयलंड इतकं देखणं दिसतं त्याचं मोठं कारण हे की डोळा टॉपपासून मोजतो.

पॅटर्न कधी चुकला म्हणायचं तेही ठरवलं, डेली क्लोज आयलंडच्या खालच्या लोच्या वर, इथे १५९. अडकलेले लोक सुटले म्हणजे दबाव गेला. १५३ पासून १५९ हे सहा पॉइंट झाले, दीड एटीआर, पण हा क्लोजवरचा स्टॉप आहे आणि ज्या शेअरमध्ये आत्ताच दोन गॅप पडलेत तिथे तिसरा आपल्याविरुद्ध पडू शकतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा सहापेक्षा मोठा असू शकतो हे लक्षात ठेवूनच साइज ठरवायला लागेल.

टार्गेटबद्दल एडवर्ड्स आणि मॅगी यांचंच म्हणणं धरतोय, आणि ते आज सांगितलं जातं त्यापेक्षा बरंच मवाळ होतं. आयलंड म्हणजे दीर्घकाळाचा टॉप झाला असं ते म्हणत नव्हते, आधीच्या छोट्या चालीचं पूर्ण परतणं इतकीच अपेक्षा ठेवत होते. आपल्या सिरीजमध्ये ती छोटी चाल १४४ पासून निघाली होती. म्हणजे १५३ वरून १४४, नऊ पॉइंट, सहाच्या रिस्कवर. दीडास एक. ठीक आहे, पण १०० ला परत जाणार अशी स्वप्नं बघायचं कारण नाही. तेजीचा वेग संपला हे आयलंड सांगतं, मंदी सुरू झाली हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

२३ मार्च

खरा डेटा लावला, आणि पहिल्याच रनमध्ये यादी संशयास्पद लांब आली. दुर्मिळ पॅटर्न ढिगाने सापडला की आधी डेटाकडे बघायचं, पॅटर्नकडे नंतर. कारणं एकेक करून सापडली.

पहिलं कारण डिव्हिडंड. एक्स-डेटला शेअर डिव्हिडंडएवढा खाली उघडतो. समजा शेअर १०० ला आहे आणि ३ चा डिव्हिडंड, तर तो साधारण ९७ ला उघडेल, कोणी काही गमावलं नाही, पण अॅडजस्ट न केलेल्या डेटात तिथे खालचा गॅप दिसतो. आधी चांगल्या बातमीने वर गॅप पडला असेल, आणि रिझल्ट आणि डिव्हिडंड बऱ्याचदा एकत्र जाहीर होत असल्याने हे वरचेवर घडतं, की थोड्या दिवसांनी एक्स-डेट येते आणि मध्ये छान आयलंड तयार! अडकलेलं कोणीच नसतं. त्यामुळे डिव्हिडंड अॅडजस्ट केलेली सिरीजच घ्यायची. स्प्लिटमध्ये तर किंमत अर्धी होते, ते लगेच नजरेत येतं, पण व्हॉल्यूम विसरला जातो, एकास दोन स्प्लिट असेल तर आधीच्या सगळ्या व्हॉल्यूमला दोनने गुणायला लागतं, नाहीतर स्प्लिटनंतरचा प्रत्येक दिवस क्लायमॅक्स वाटतो.

दुसरं कारण पातळ शेअर. ज्यात दिवसभरात मोजकेच ट्रेड होतात तिथे लागोपाठच्या दोन दिवसांच्या रेंज एकमेकांना शिवतच नाहीत, गॅप हीच तिथली नॉर्मल अवस्था. म्हणून नवीन अट, मागच्या वर्षातल्या १०% पेक्षा जास्त सेशनमध्ये पूर्ण गॅप असेल तो शेअर बाहेर. याच्याच जवळचा प्रकार, ज्या मार्केटमध्ये रोजची प्राइस लिमिट असते तिथे शेअर उघडतानाच लिमिटला लॉक होतो आणि बारचा हाय आणि लो एकच येतो. असे बार लागोपाठ दिसले तर तो गॅप खरेदीविक्रीतून आलेला नसतो, नियमातून आलेला असतो, आणि लॉक झालेल्या दिवशी बाहेर पडायचं म्हटलं तरी समोर कोणी नसतं. तेही बाहेर.

तिसरं, फ्युचर्सची कंटिन्यूअस सिरीज. जुना कॉन्ट्रॅक्ट संपून नवा जोडला जातो त्या दिवशी दोघांच्या भावातला फरक गॅप बनून बसतो. रोलओव्हरच्या तारखा वगळायच्या किंवा बॅक-अॅडजस्ट सिरीज घ्यायची.

हे सगळं लावल्यावर यादी इतकी आटली की प्रत्येक चार्ट डोळ्याने बघता येतोय, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला पहिल्यांदा यादीवर विश्वास वाटला.

३० मार्च

जे मार्केट जवळजवळ चोवीस तास चालतं तिथे काय करायचं यावर आज बराच वेळ गेला. क्रिप्टोमध्ये बंद होण्याची वेळच नाही त्यामुळे डेली बारमध्ये पूर्ण गॅप पडायला जागाच नसते, पडलाच तर बहुतेक डेटा गायब असतो. फॉरेक्समध्ये शनिवार-रविवारचा एवढाच गॅप. फ्युचर्सही बरेचसे रात्रभर चालतात.

मग शेअरमध्ये तरी मोकळी जागा खरंच मोकळी असते का? ज्या मार्केटमध्ये मुख्य सेशनच्या आधी आणि नंतर ट्रेडिंग चालतं तिथे त्या पट्ट्यात सौदे झालेले असतात, फक्त डेली बारमध्ये ते दिसत नाहीत. म्हणजे "तिथे कोणालाही बाहेर पडता आलं नाही" हे अक्षरशः खरं नाही, "बहुतेकांना आलं नाही" हे खरं, कारण त्या वेळचा व्हॉल्यूम साधारणपणे मुख्य सेशनपेक्षा खूप कमी असतो. माझ्या मते याने पॅटर्नचा अर्थ थोडा पातळ होतो पण जात नाही. नियम एवढाच की सिरीज पूर्णपणे मुख्य सेशनची हवी, काही दिवस हे काही दिवस ते असं मिसळलं की हाय-लोच चुकतात आणि गॅप कुठे होते कुठे नव्हते काही सांगता येत नाही. चोवीस तासवाली मार्केट या प्रकल्पातून सध्या बाहेर.

६ एप्रिल

टेस्टिंगच्या आकड्यांमध्ये एक गोष्ट आढळली जी फार महत्त्वाची आहे. यादीतले आयलंड तारखांवर सारखे पसरलेले नाहीत, गठ्ठ्याने येतात. ज्या सकाळी सगळं मार्केटच खाली उघडतं त्या सकाळी एकदम अनेक शेअरमध्ये दुसरा गॅप पडतो आणि सगळ्यांची known_date एकच येते. आता या केसेस वेगवेगळ्या मोजायच्या का? पुढे मार्केट घसरलं तर सगळ्याच "यशस्वी" होतात, सावरलं तर सगळ्याच फसतात. म्हणजे दिसायला मोठा सॅम्पल पण प्रत्यक्षात एकच घटना. दुर्मिळ पॅटर्नमध्ये हे फारच घातक, कारण आधीच केसेस थोड्या आणि त्यात एखाद्या गठ्ठ्याने पूर्ण सरासरी ओढून नेली तर आपण पॅटर्नबद्दल बोलतोय की त्या एका आठवड्याबद्दल हेच कळत नाही.

दोन बदल केले. पाच सेशनच्या आत known_date असलेल्या सगळ्या केसेसचा एक गट, आणि गटाचा सरासरी निकाल म्हणजे एक निरीक्षण. आणि प्रत्येक केसचा निकाल इंडेक्स वजा करून लिहायचा, शेअर ४ एटीआर पडला आणि तेवढ्यात इंडेक्सही तसाच पडला तर आयलंडने वेगळं काही सांगितलं नाही.

मित्राने अजून एक बरोबर मुद्दा काढला, तुलना कशाशी? आयलंडनंतर किंमत पडते हे दाखवून काही होत नाही, २० सेशनमध्ये ६ एटीआर वर गेलेला कुठलाही शेअर थोडा परततोच. तर तुलनेचा गट असा घेतोय: तीच ट्रेंडची अट पास झालेले, वरचा गॅपही पडलेला, पण तो पुढे "उघडा"च राहिलेला किंवा साधा भरलेला. आणि त्यांच्यातही टॉपवरून तेवढंच खाली आल्यावर मोजायला सुरुवात करायची, म्हणजे आयलंडला आधीच झालेल्या घसरणीचं फुकटचं श्रेय मिळणार नाही.

१३ एप्रिल

गटवारीनंतर उरलेले चार्ट एकेक बघून झाले. आकडे इथे मांडत नाही, गट अजून इतके कमी आहेत की टक्केवारी लिहिली की ती लोक पाठ करतील. पण बघताना जे वेगळेपण परत परत जाणवलं ते लिहितो.

जिथे पहिला गॅप कोणत्याही ठोस बातमीशिवाय पडला होता, लांब चालीनंतर, फुगलेल्या व्हॉल्यूमवर आणि क्लोज दिवसाच्या खालच्या भागात, तिथे आयलंडनंतरची घसरण स्वच्छ होती. जिथे पहिला गॅप रिझल्टने किंवा कंपनी विकत घेण्याच्या ऑफरने पडला होता तिथे गोष्ट वेगळी, तिथे किमतीला नवी पातळी मिळण्याचं खरं कारण होतं आणि खालचा गॅप बऱ्याचदा पूर्ण मार्केटच्या वाईट सकाळचा असायचा, शेअर थोड्याच दिवसांत परत आयलंडच्या वर. अशा केसेसना वेगळा कॉलम, news_gap, हाताने भरायचा.

आणि गॅपकडे परतण्याबद्दल. बऱ्याच केसेसमध्ये आयलंडनंतर काही सेशनमध्ये किंमत एकदा वर येऊन गॅपच्या खालच्या कडेला टेकते. आपल्या १६ मार्चच्या सिरीजमध्येही मी तसा बार ठेवलाय, सातव्या दिवशी हाय १५८, क्लोज १५५.५, म्हणजे पट्टीत शिरली पण १५९ च्या वर क्लोज नाही, आणि तिथून मग १४३ पर्यंत. त्या परतण्यात व्हॉल्यूम कमी आणि क्लोज पट्टीच्या खाली असेल तर मला ती एंट्रीची जास्त चांगली जागा वाटते, १५५.५ पासून स्टॉप साडेतीन पॉइंटवर येतो आणि १४४ चं टार्गेट साडेअकरावर जातं. अडचण अशी की सगळ्यात जोरदार घसरणी परत येतच नाहीत, सरळ खाली जातात, त्यामुळे परतण्याची वाट बघणारा नेमक्या त्याच केसेस गमावतो. दोन्ही एंट्री वेगवेगळ्या कॉलममध्ये मोजतोय, आणि परतणं न झालेल्या केसेस दुसऱ्या कॉलममधून पुसून टाकायच्या नाहीत, "ट्रेड नाही" म्हणून ठेवायच्या.

२० एप्रिल

बॉटमची बाजू चालवली, चिन्ह उलटं करून. कोड तसाच चालला पण फिल्टर तसेच ठेवावेत की नाही यावर शंका आहे. घसरण तेजीपेक्षा वेगवान असते, शेवटच्या दिवसांत रेंज फुगत जाते आणि त्यामुळे एटीआर गॅपच्या आधीच मोठा झालेला असतो, मग पाव एटीआरचा गॅप हा बॉटमला पॉइंटमध्ये बराच मोठा गॅप ठरतो आणि चांगल्या केसेस गळतात. बॉटमसाठी एटीआर २० ऐवजी ५० सेशनचा करून बघणार आहे, म्हणजे शेवटच्या घबराटीचा पट्टीवर परिणाम कमी होईल.

शिल्लक कामं: बॉटमची यादी ५० सेशनच्या एटीआरवर परत काढणे, जुन्या डेटात बंद पडलेल्या आणि डीलिस्ट झालेल्या कंपन्या घालणे (त्या नसतील तर टॉपवरची सगळ्यात वाईट घसरणच यादीतून गायब असते आणि बॉटमवर खोटी सुधारणा दिसते), आणि news_gap कॉलम मित्राकडून स्वतंत्रपणे भरून घेणे, त्याला पुढचा चार्ट न दाखवता.